सहकारी तीन आठवडे रजेवर: टीमला काय कळवावं, कोणाचं नाव द्यावं?

प्रश्न: भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत मी अकाउंट्स टीमची लीड आहे. आमचे एक सहकारी २ फेब्रुवारी २०२६ पासून तीन आठवडे रजेवर जात आहेत. कारण वैद्यकीय आहे, पण ते कोणाला सांगायचं नाही. मागे ते रजेवर गेले तेव्हा मी "अर्जंट असेल तर माधुरीशी संपर्क साधा" एवढाच मेल टाकला होता. माधुरी वैतागली आणि लोक शेवटी त्यांनाच फोन करत राहिले. या वेळी मेल कसा लिहू?

उत्तर:

मेल वाचूनही लोक रजेवरच्या माणसाला फोन का करतात, ते आधी बघू. बहुतेक जण आधी माधुरीकडेच गेले असतील. तिने सांगितलं असेल, "माझ्याकडे त्याचे राइट्स नाहीत, त्यांनाच विचारावं लागेल." असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी कोणी मधे थांबत नाही, सरळ मूळ माणसाला फोन लावतो. त्यात लोकांचा हट्टीपणा नाही, त्यांना त्यांची गाडी गेटबाहेर काढायची असते. मेलमध्ये तुम्ही जे नाव दिलं होतं ते काम करून देणारं नव्हतं, निरोप पोचवणारं होतं.

म्हणून माझा नेम साधा आहे. ज्याचं नाव मेलमध्ये येणार, त्याला ते काम रजेवरच्या माणसाला न विचारता शेवटपर्यंत पार पाडता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर त्या कामापुढे त्याचं नाव लिहू नये. त्यामुळे मेलची तयारी मेल लिहायला बसण्याच्या आठवडाभर आधी सुरू होते, आणि तीही बरीचशी लॉगिन, ओटीपी आणि चाव्यांची असते.

कंपनीप्रमाणे तपशील बदलतील. मी असं धरून चालतोय की तुमची बिलं टॅलीत होतात, दोन शिफ्ट चालतात, भोसरीतल्या बऱ्याच कारखान्यांसारखी तुमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि रजेवर जाणारे सहकारी डिस्पॅचची बिलं, ई-वे बिल, व्हेंडर पेमेंट आणि महिन्याची रिटर्न्स बघतात. तुमच्याकडे एखादं काम आधीच दुसऱ्याकडे असेल तर तेवढं सोडून द्या. नमुन्यासाठी त्यांना संदीप म्हणतो.

सगळ्यात आधी अडकतं ते डिस्पॅच. समजा ४ फेब्रुवारीला संध्याकाळी साडेसातला सेकंड शिफ्टमध्ये गाडी भरून उभी आहे आणि माल परराज्यात जायचाय. मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिलाशिवाय गाडी सोडता येत नाही. माल महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जात असेल तर ही मर्यादा १ लाख आहे. आता ई-वे बिल पोर्टलला नुसता पासवर्ड चालत नाही, ओटीपीही लागतो, आणि तो ज्याचं लॉगिन आहे त्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवर जातो. माधुरीकडे संदीपचा पासवर्ड असला तरी ओटीपी संदीपच्या खिशात वाजणार. ते हॉस्पिटलमध्ये असतील आणि फोन बंद असेल तर गाडी उभी.

यावर उपाय पोर्टलवरच आहे. मुख्य लॉगिनमधून सब-यूजर तयार करता येतात. प्रत्येकाला स्वतःचा मोबाइल नंबर आणि हवे तेवढेच अधिकार देता येतात. माधुरीसाठी एक आणि संध्याकाळच्या शिफ्टला जो असतो, समजा स्टोअरमधला गणेश, त्याच्यासाठी एक, असे दोन सब-यूजर करा. माधुरीला ई-वे बिल काढायचा आणि रद्द करायचा, असे दोन्ही अधिकार द्या. रद्द करायला २४ तासच मिळतात, त्यामुळे चुकीचं बिल निघालं तर दुसऱ्या दिवशी लीडला शोधत बसून चालत नाही. गणेशला नुसतं काढायचा अधिकार पुरेल. टॅलीतूनच ई-वे बिल काढत असाल तर तिथे कोणाचं लॉगिन भरलंय तेही बघा, आणि गणेशला टॅलीत बिल करायचा राइट आहे का तेही. नाहीतर पोर्टलचं लॉगिन आहे, पण बिलच तयार होत नाही, अशी वेळ येते. सब-यूजर तयार झाला एवढ्यावर समाधान मानू नका. संदीप ऑफिसात असतानाच दोघांनी आपापल्या लॉगिनमधून दोन-तीन खऱ्या गाड्यांची ई-वे बिलं काढून दाखवावीत, आणि त्यातली एक तरी संध्याकाळी सातनंतरची असावी. मोबाइल नंबर चुकीचा पडलाय, राइट अर्धाच दिलाय, प्रिंटर जोडलेला नाही, हे सगळं तेव्हाच कळतं.

बँकेचं प्रकरण जास्त वेळखाऊ असतं. कंपनीच्या नेटबँकिंगमध्ये एकजण पेमेंट भरतो आणि दुसरा मंजूर करतो. संदीप भरणारे असतील आणि डायरेक्टर मंजूर करणारे, तर संदीप गेल्यावर डायरेक्टरांपुढे मंजूर करायला काही येणारच नाही. भरणं आणि मंजुरी दोन्ही एकाच माणसाकडे द्यायचा मोह होतो. तो टाळा, कारण ती दोन कुलुपं मुद्दामच वेगळी ठेवलेली असतात. नवीन यूजरसाठी बँक फॉर्म मागते, बऱ्याचदा बोर्डाचा ठरावही मागते, आणि ते एका दिवसात होत नाही. त्यामुळे हे काम सगळ्यात आधी सुरू करा. तरीही २ तारखेपर्यंत यूजर झाला नाही, तर जी पेमेंट आत्ताच माहीत आहेत ती संदीपकडून आधीच भरून घ्या आणि बाकीच्यांसाठी चेकबुक हाताशी ठेवा. मात्र तसं असेल तर मेलमध्ये "पेमेंटसाठी माधुरी" असं लिहू नका. "पेमेंटच्या चौकशीसाठी माधुरी" एवढंच लिहा. या दोन वाक्यांतल्या फरकावरून माधुरीला दिवसाला किती बोलणी खावी लागतील ते ठरतं.

तिसरी गोष्ट डिजिटल सहीची. तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, म्हणजे जीएसटी रिटर्न भरताना डीएससी लागते. सही डायरेक्टरांची असते, पण तो यूएसबी टोकन बहुतेक ठिकाणी अकाउंट्सच्या ड्रॉवरमध्ये असतो आणि ड्रॉवरची चावी रजेवर गेलेली असते. टोकन कुठे आहे, कोणत्या कॉम्प्युटरवर चालतो आणि त्याची मुदत फेब्रुवारीत संपत नाही ना, हे बघून ठेवा. टोकन आणि त्याचा पिन डायरेक्टरांकडे किंवा तुमच्याकडे राहू द्या, माधुरीच्या नावाने फिरू देऊ नका. यातलं काहीही त्या मेलमध्ये येणार नाही, हे वेगळं सांगायला नको, पण लोक लिहितात म्हणून सांगतो.

पीएफ, ईएसआय, टीडीएस आणि जीएसटीच्या पोर्टलवर कोणता मोबाइल नंबर नोंदवलाय त्याची एका कागदावर यादी करा. नंबर कंपनीच्या सिमचा असेल तर तो हँडसेट रजेच्या काळात ऑफिसातच ठेवायचा, आणि त्यासाठी संदीपची आधी संमती घ्यायची. नंबर त्यांचा स्वतःचा असेल तर तो बदलून घ्या. "ओटीपी आला की फोनवर सांगा" ही सोय म्हणजे आजारी माणसाला कामावर ठेवणंच झालं.

आता तारखा. संदीपची रजा सगळ्या मुदतींच्या मधोमध पडते आहे. जानेवारीचा टीडीएस ७ फेब्रुवारीपर्यंत भरायचा, कामगारांचा पगारही त्याच तारखेच्या आत व्हायला हवा. तुमची रिटर्न्स दर महिन्याची असतील तर जीएसटीआर-१ ची मुदत ११, पीएफ आणि ईएसआयची १५, जीएसटीआर-३बी ची २०. कॅलेंडरशी ताडून बघितलं तर पीएफची १५ तारीख रविवारी येते आणि त्या दिवशी महाशिवरात्र आहे. १४ ला दुसरा शनिवार, म्हणून बँका बंद. १२ ला गुरुवार, म्हणून तुम्ही बंद. नेटबँकिंग सुट्टीतही चालतं, पण पेमेंट मधेच अडकलं तर विचारायला बँकेत कोणी नसतं. म्हणून पीएफ-ईएसआयसाठी तुमची खरी तारीख ११ आणि फार तर १३. तसंच १९ ला गुरुवार आणि शिवजयंती एकत्र आहेत, तेव्हा ३बी चं काम १८ ला संपलं पाहिजे. २० तारीख ही फक्त गाळ उपसायला.

ही यादी तुमच्यासाठी आणि माधुरीसाठी आहे, ती सगळ्या स्टाफला पाठवू नका. स्टोअरच्या माणसाला ३बी शी काही देणंघेणं नसतं, आणि अशा चार ओळी वाचल्या की तो पाचवी, म्हणजे त्याच्या कामाची ओळ वाचत नाही. मेलमध्ये तीच तारीख घाला जिला वाचणाऱ्याने तुम्हाला काही द्यायचं आहे. तुमच्या बाबतीत अशी एकच तारीख दिसते. जानेवारीच्या विक्रीतल्या दुरुस्त्या, रिजेक्शन आणि क्रेडिट नोटांचे कागद सेल्सकडून ९ ला संध्याकाळपर्यंत यायला हवेत, म्हणजे ११ ला जीएसटीआर-१ भरता येईल.

माधुरीवर किती पडतंय तेही मोजून घ्या. संदीपच्या एका सर्वसाधारण आठवड्यात टॅलीत किती नोंदी झाल्या आणि त्यांच्याकडे किती मेल आले, ते बघायला अर्धा तास लागतो. मग माधुरीला सरळ विचारा: "हे घेतलंस तर तुझं स्वतःचं काय थांबवायचं?" तिचं उत्तर "काही नाही, करते मी" असं असेल तर पुन्हा विचारा. मागच्या वेळचा वैताग बहुतेक इथूनच आला असणार. आधीच्या कामातलं काहीच कमी न करता दुसऱ्याचं काम अंगावर आलं आणि वर तिचं नाव अख्ख्या कंपनीत फिरलं. नाव फिरण्याआधी तिची आणि गणेशची होकाराची खात्री हवी, आणि गणेशच्या बाबतीत त्याच्या स्टोअरच्या साहेबांचीही.

एवढं झालं की मेल लिहायला दहा मिनिटं लागतात. मी तो असा लिहीन (नावं नमुन्यादाखल):

> विषय: संदीप २ ते २२ फेब्रुवारी रजेवर, कोणत्या कामासाठी कोणाला भेटायचं
>
> सर्वांना नमस्कार,
>
> संदीप सोमवार, २ फेब्रुवारीपासून रविवार, २२ फेब्रुवारीपर्यंत रजेवर आहेत. या काळात त्यांची कामं पुढीलप्रमाणे बघितली जातील.
>
> डिस्पॅचची बिलं आणि ई-वे बिल: सकाळी ९ ते संध्याकाळी ५.३० माधुरी. ५.३० नंतर सेकंड शिफ्ट संपेपर्यंत गणेश (स्टोअर).
>
> व्हेंडरची बिलं, जीआरएनमधला फरक, पेमेंटची चौकशी: माधुरी. अकाउंट्सच्या सामाइक मेलवर लिहा, दुसऱ्या कामाच्या दिवशी उत्तर मिळेल. समक्ष भेटायचं असल्यास दुपारी ३ ते ५.
>
> पगार, हजेरी, ॲडव्हान्स: शुभांगी मॅडम (एचआर).
>
> सेल्स टीमसाठी: जानेवारीच्या विक्रीतल्या दुरुस्त्या आणि क्रेडिट नोटांचे कागद सोमवार, ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ५ पर्यंत माधुरीकडे द्यावेत.
>
> हे थांबेल: नवीन व्हेंडर कोड आणि प्रवासखर्चाची नवी बिलं २३ फेब्रुवारीनंतर घेतली जातील. ३१ जानेवारीपर्यंत दिलेली प्रवासखर्चाची बिलं नेहमीप्रमाणे निघतील.
>
> यात न बसणारं काही असेल तर माझ्याकडे या. कृपया संदीपना फोन किंवा व्हॉट्सॲप करू नये. त्यांच्याशी बोलायची गरज पडलीच तर मी बोलेन.
>
> या व्यवस्थेत काही बदल झाला तर बुधवार, १८ फेब्रुवारीला कळवेन.

यातल्या काही ओळी अशा का, ते सांगतो. वाटणी कामावरून केली आहे, माणसावरून नाही, कारण वाचणारा "माधुरी काय बघते" हे शोधत नसतो, "माझं हे बिल कोणाकडे न्यायचं" हे शोधत असतो. "अर्जंट" हा शब्द मुद्दाम टाळला आहे. "अर्जंट असेल तर" असं लिहिलं की प्रत्येकाचं काम अर्जंट होतं, आणि जे खरोखर अर्जंट नाही ते कुठे न्यायचं हे कोणालाच कळत नाही. त्याऐवजी वेळ दिली: डिस्पॅच लगेच, व्हेंडरचं उत्तर दुसऱ्या दिवशी. माधुरीला या वेळांचा मोठा आधार असतो. सकाळी अकराला कोणी पेमेंटचं विचारायला आलं तर ती मेलकडे बोट दाखवून "तीनला या" म्हणू शकते, तिला स्वतःला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

"हे थांबेल" ही ओळ लिहायला लीडना जड जातं. आपल्या टीमचं काम थांबणार हे लेखी द्यायचं म्हणजे कमीपणा वाटतो. पण तीन माणसांचं काम दोघांत मावत नसेल तर काहीतरी थांबणारच, मग ते कोणतं ते तुम्ही ठरवलेलं बरं. नाहीतर जो शांतपणे वाट बघतो त्याचं थांबतं आणि जो आवाज चढवतो त्याचं होतं. थांबवायला तीच कामं निवडा ज्यांनी ना उत्पादन अडतं ना सरकारी मुदत चुकते. प्रवासखर्चाचं थांबवणार असाल तर ३१ जानेवारीची मुभा जरूर द्या, कारण ते पैसे लोकांच्या स्वतःच्या खिशातून गेलेले असतात.

रजेच्या कारणाबद्दल मेलमध्ये एक शब्दही नाही, आणि तो तसाच ठेवा. "तब्येतीच्या कारणाने" तर नकोच, पण "वैयक्तिक कारणास्तव" हेही लिहू नका. ते लिहिलं की जेवणाच्या टेबलावर अंदाज सुरू होतात. "रजेवर आहेत" हे वाक्य पुरेसं आहे, दिवाळीत गावी जाणाऱ्यासाठी आपण एवढंच लिहितो. रजेचा प्रकार, ईएसआयचे कागद, डॉक्टरचं सर्टिफिकेट हे एचआरपाशी राहतं. शेवटी "लवकर बरे व्हा" किंवा "काळजी घ्या" अशी ओळ आपुलकीने घातली तरी सगळं उघड होतं. ग्रुपवर कोणी तशी ओळ टाकली तर त्याला तिथे टोकू नका, वेगळं सांगून काढायला लावा.

संदीपशी यावर आधी दोन मिनिटं बोला. कोणी थेट विचारलं तर काय सांगायचं, आणि कोणी घरी भेटायला यायचं म्हणालं तर काय सांगायचं, एवढंच विचारा. आपल्याकडे दुसरा प्रश्न नक्की येतो, आणि तो येतो तुम्हाला आणि माधुरीला. दोघींचं उत्तर एकच हवं: "ते रजेवर आहेत. तुमचं काम काय आहे?" माधुरीला कारण माहीत असायची गरज नाही. माहीत नसेल तर तिच्यासाठी ते सोपंच.

मेलमध्ये "२३ तारखेला हजर होतील" असंही लिहिलेलं नाही, ते याच कारणाने. वैद्यकीय रजेत परत यायची तारीख आपल्या हातात नसते. "२३ ला येतील" असं छापलं आणि रजा आठवडाभर वाढली की सगळ्यांना कळतं काहीतरी गंभीर आहे, शिवाय २३ ला सकाळी नऊपासून त्यांच्या टेबलाशी रांग लागते. "येणं अपेक्षित आहे" या शब्दांनीही तीच शंका येते. म्हणून मेल व्यवस्थेची मुदत सांगतो, आणि बदल कधी कळवणार ते सांगतो. १८ तारीख अशासाठी की १९ ला सुट्टी, २० ला रिटर्नची धावपळ आणि त्या आधी तुमचं संदीपशी किंवा एचआरशी एकदा बोलणं झालेलं असेल. लग्नाची किंवा प्रवासाची रजा असती तर "२३ ला हजर" असं बेधडक लिहायला हरकत नव्हती. आणि कुठलीही रजा असो, "२२ पर्यंत" एवढंच लिहून सोडू नका. २२ ला माणूस आहे की नाही यावर निम्मी कंपनी गोंधळते. वारासकट "रविवार, २२ पर्यंत रजेवर" लिहिलं की प्रश्न मिटतो.

पाठवायचं कधी? २६ जानेवारी सोमवारी आहे आणि २९ ला गुरुवार, तेव्हा मंगळवार, २७ ला सकाळी पाठवा. म्हणजे संदीप जागेवर असताना लोकांना कामाचे पाच दिवस मिळतात आणि "जायच्या आधी हे एवढं करून द्या" ही कामं त्याच वेळात बाहेर येतात. ती बाहेर आलेलीच बरी. यापेक्षा फार आधी पाठवलेला मेल खाली जातो आणि विसरला जातो. २ तारखेला सकाळी नऊला तोच मेल पुन्हा वर आणा, नवीन लिहू नका. दोन मेलमध्ये एक शब्द जरी वेगळा असला तरी कोणता खरा यावर चर्चा होते.

मेल सगळे वाचतात असं मात्र धरू नका. डिस्पॅचचे ऑपरेटर आणि गेटवरचे सिक्युरिटीवाले तो उघडत नाहीत, आणि गाडी अडते ती त्यांच्यासमोर. त्यांच्यासाठी फक्त डिस्पॅचची ओळ मोठ्या अक्षरात ए-४ कागदावर छापून डिस्पॅचच्या टेबलावर आणि गेटवर लावा. त्यावर माधुरी आणि गणेश यांचे एक्स्टेंशन नंबर असू द्या. त्यांचे खाजगी मोबाइल नंबर नकोत, कारण तो कागद फाडून फेकायची आठवण मे महिन्यात होते. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेलमधला पहिला परिच्छेद आणि डिस्पॅचची ओळ टाकली की पुरे.

व्हेंडरना हा मेल पुढे ढकलू नका, त्यांचं वेगळं असतं. त्यांना एवढंच कळवा की २ ते २२ फेब्रुवारी या काळात बिलांबद्दल अकाउंट्सच्या सामाइक मेलवर लिहावं. कोणाचं नाव नको, रजेचा उल्लेखही नको. संदीपच्या मेलवरचं आपोआप जाणारं उत्तरही तसंच हवं. आउटलुकमध्ये कंपनीतल्यांसाठी आणि बाहेरच्यांसाठी वेगवेगळं उत्तर ठेवता येतं. आतल्या उत्तरात तुमच्या मेलमधलीच वाटणी चिकटवा, बाहेरच्या उत्तरात फक्त सामाइक पत्ता. ते संदीपने रविवारी, १ फेब्रुवारीला निघताना लावायचं आणि तुम्ही स्वतःच्या जीमेलवरून एक मेल टाकून तपासायचं.

"संदीपना फोन करू नये" ही ओळ पाळली जाते की नाही, हे तुमच्यावर ठरतं. तिसऱ्या दिवशी तुम्हीच त्यांना एक व्हाउचर कुठे ठेवलंय म्हणून विचारलंत आणि ते माधुरीच्या समोर, तर ती ओळ संपली. तुमच्यासाठीही नियम हवा. माझ्या मते फोन फक्त तेव्हाच करावा जेव्हा सरकारी मुदत चुकणार आहे आणि ती गोष्ट त्यांच्याशिवाय कोणालाच माहीत नाही, सीएंनाही नाही. ऑपरेशनच्या आठवड्यात तर तोही पर्याय नाही असंच समजा. मग त्यांच्याकडून जायच्या आधी काय लिहून घ्यायचं ते आपोआप स्पष्ट होतं: अर्धवट राहिलेली बिलं, ज्यांच्याशी वाद चालू आहे ते व्हेंडर आणि कोणती फाइल कोणत्या फोल्डरमध्ये. दोन पानं पुरतात.

व्यवस्था चालतेय की नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळतं. मंगळवारी किंवा बुधवारी माधुरीला आणि गणेशला एकच विचारा: कोणतं काम तुम्हाला दुसऱ्याकडे ढकलावं लागलं? तसं एखादं निघालं, तर त्या कामाचा राइट राहिलाय किंवा ती ओळ चुकीच्या नावापुढे आहे. ओळ बदला आणि सगळ्यांना त्याच मेलच्या साखळीत कळवा. दुसरी खूण तुमच्या स्वतःच्या टेबलावर दिसेल. "यात न बसणारं" म्हणून तुमच्याकडे रोज तेच येत असेल तर ते काम मेलमध्ये राहून गेलंय.

संदीप हजर होतील त्या दिवशी पुन्हा एक छोटा मेल लागतो, आणि तोच सगळे विसरतात. पहिल्या दिवशी दुपारपर्यंतचा वेळ त्यांना माधुरीकडून काम समजून घ्यायला ठेवा. "उद्यापासून डिस्पॅच आणि व्हेंडर पुन्हा संदीपकडे" असं नंतर कळवा. डॉक्टरांनी अर्धा दिवस किंवा हलकं काम सांगितलं असेल तर एकेक काम परत द्या, आधी व्हेंडर, मग डिस्पॅच, आणि मेलमध्येही तेवढंच लिहा. गेटवरचा कागद काढा, आपोआप जाणारं उत्तर बंद झालंय का बघा, आणि ई-वे बिल पोर्टलवर गणेशचा सब-यूजर फ्रीझ करा. माधुरीचा मात्र चालू ठेवा, संदीप पुढे कधी एका दिवसाची रजा घेतील तेव्हा तो उपयोगी पडेल.